चर्चासत्रासाठी गोषवारा कसा लिहावा : एक कथा, एक विळी आणि अडीचशे शब्द

आधी हा परिच्छेद वाचा.

"स्थलांतर ही मानवी इतिहासाइतकीच जुनी प्रक्रिया आहे. जागतिकीकरणाच्या काळात तिला नवे परिमाण प्राप्त झाले आहे. डायस्पोरा साहित्यात ओळखीचा प्रश्न, स्मरणरंजन, सांस्कृतिक संघर्ष आणि आपलेपणाचा शोध यांचे प्रभावी चित्रण आढळते. प्रस्तुत शोधनिबंधात झुंपा लाहिरी यांच्या कथांमधील स्थलांतर आणि आपलेपणा यांचा चिकित्सक अभ्यास करण्यात येणार आहे."

यात एकही वाक्य खोटं नाही, आणि दुखणं नेमकं तेच आहे. खोडून काढता येईल असं यात काही नाही. लाहिरींच्या जागी दुसरं कुठलंही नाव घाला, 'कथा' खोडून 'कादंबऱ्या' लिहा, परिच्छेद तसाच उभा राहतो. माझा पहिला गोषवारा हुबेहूब असाच होता. तो परत आला तेव्हा समितीला विषय आवडला नसावा, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे कधीतरी समितीत बसून दुसऱ्यांचे गोषवारे वाचायची पाळी आली, तेव्हा लक्षात आलं की विषय कुणालाच नावडत नाही. त्या कागदावर विषयाखेरीज दुसरं काही नसतं, एवढंच.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला किंवा पीएच.डी.च्या उंबरठ्यावर असलेल्या, स्थलांतरितांच्या कथांवर पहिल्यांदाच काही पाठवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. उदाहरण एकच घेतलं आहे : लाहिरींच्या १९९९ साली आलेल्या 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' या संग्रहातली 'मिसेस सेन्स' ही कथा. वरच्या परिच्छेदापासून निघून पाठवण्याजोग्या गोषवाऱ्यापर्यंत कसं जायचं, ते याच एका कथेवर करून पाहू.

लिहायच्या आधी : हिशेब

चर्चासत्राचं आवाहन हातात आलं की सगळे विषयसूची वाचतात. मी आधी दोन आकडे शोधते. गोषवाऱ्याची शब्दमर्यादा किती आणि वाचनाला वेळ किती. शब्दमर्यादा बहुधा अडीचशे-तीनशे असते आणि वेळ पंधरा-वीस मिनिटं. शांतपणे, ऐकणाऱ्याला कळेल असं वाचलं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पंधरा मिनिटांत फार तर अठराशे शब्द. त्यात नमस्कार, कथेची ओळख आणि दोन-तीन उतारे गेले की तुमच्या स्वतःच्या युक्तिवादाला बाराशेच्या आसपास उरतात.

लाहिरींच्या या संग्रहात नऊ कथा आहेत. सगळ्या घ्यायच्या म्हटल्या तर एका कथेच्या वाट्याला सव्वाशे-दीडशे शब्द येतात. त्यात कथानक सांगून होतं, बाकी काहीच नाही. समितीतला माणूस हा भागाकार मनातल्या मनात करतोच. "लाहिरी, मुखर्जी आणि दिवाकरुनी यांच्या कथांचा तौलनिक अभ्यास" असं दिसलं की निबंध पंधरा मिनिटांत मावणार नाही हे त्याला कळतं, आणि तुम्ही तो अजून मनातही लिहिलेला नाही हेही कळतं. एक कथा घ्या. फार तर दोन, पण दुसरी कथा पहिलीच्या विरोधात उभी राहत असेल तरच.

अडणारी जागा शोधणं

कथा थोडक्यात अशी. एलियट हा अकरा वर्षांचा अमेरिकन मुलगा. आई नोकरी करते, म्हणून शाळा सुटल्यावर तो मिसेस सेनकडे राहतो. मिस्टर सेन विद्यापीठात गणित शिकवतात आणि दोघं विद्यापीठाच्याच वसाहतीत राहतात. मिसेस सेन रोज दुपारी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून, मांडी घालून, एका वाकड्या पात्यावर भाजी चिरतात. ताज्या माशांसाठी त्या जीव टाकतात. गाडी चालवायला त्या शिकताहेत, पण रस्त्याची धास्ती घेतात. शेवटी एकदा मासळी आणायला म्हणून एलियटला घेऊन स्वतः गाडी काढतात, आणि ती टेलिफोनच्या खांबावर आदळते. कुणाला फारसं लागत नाही, पण एलियटचं तिथे जाणं बंद होतं.

आता पेन घेऊन कथा पुन्हा वाचा, आणि या वेळी 'विषय' शोधू नका. जिथे तुम्ही अडखळता, जिथे एखादं वाक्य गरजेपेक्षा जास्त बोलून जातं, तिथे खूण करा. माझ्या प्रतीत अशा तीन खुणा होत्या.

पहिली त्या पात्यापाशी. लाहिरी त्याला व्हायकिंग जहाजाच्या पुढच्या टोकाची उपमा देतात. मराठी वाचकाला एवढी लांबची उपमा लागत नाही. ती विळी आहे. बंगाल्यांचं 'बोटी' नावाचं पातं आणि आपली विळी सख्ख्या बहिणी. पाटावर पाय दाबून बसायचं, पातं जागचं हलत नाही, भाजी हातांनी पात्याकडे न्यायची. पण हे इतक्या चटकन ओळखू येणं हा आपल्यासाठी सापळाही आहे. विळी म्हटलं की आजीचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं आणि गोषवारा भरून येतो. कथेत ते पातं एका अमेरिकन मुलाच्या डोळ्यांनी दिसतं, आणि त्याला ते जहाजासारखं, परकं, थोडं धोक्याचं वाटतं. चिरणं चालू असताना मिसेस सेन त्याला जागचं हलू देत नाहीत. ते अंतर कथेतच आहे. आपण 'विळी' म्हणालो की ते पुसलं जातं, म्हणून निबंधात हा शब्द वापरताना तो आपला आहे हे सांगून वापरायचा.

दुसरी खूण गच्चीच्या प्रसंगापाशी. मिसेस सेन सांगतात की घरात लग्न असलं की त्यांची आई शेजारच्या बायकांना आपापली पाती घेऊन बोलावते, आणि त्या सगळ्या गच्चीवर मोठं रिंगण करून, हसत-बोलत रात्रभर पन्नास किलो भाजी चिरतात. कथेत लगेच पुढच्याच प्रसंगात, दुसऱ्या एका दिवशी, त्या एलियटला विचारतात, मी आत्ता मोठ्याने किंचाळले तर कुणी येईल का? मुलगा प्रामाणिकपणे सांगतो की लोक कदाचित फोन करतील, पण आवाजाची तक्रार करायला.

तिसरी खूण शीर्षकावर. तिच्याकडे पुढे येते.

पहिला दावा टाकून द्या

गच्चीचा प्रसंग वाचून पहिला दावा सुचतो तो असा : मिसेस सेन भाजी आणि मासे यांतून मायदेश जपू पाहतात. हे वाक्य कागदावर लिहा आणि त्यावर रेघ मारा. ते चूक नाही, पण शिळं आहे. लाहिरींच्या कथांतलं अन्न आणि ओळख हा इतका मळलेला रस्ता आहे की समितीतल्या माणसाने गेल्याच वर्षी त्यावरचा एखादा गोषवारा वाचलेला असतो. पहिला दावा बहुधा सगळ्यांना सुचणाराच असतो. तो लिहून काढल्याशिवाय दुसरा सुचत नाही, म्हणून लिहायचा, इतकंच त्याचं काम.

दुसऱ्या दाव्यासाठी मी विद्यार्थ्यांना एक साचा देते. 'वाटतं असं की... पण मजकुरात दिसतं असं की... म्हणून...' साचा बाळबोध आहे खरा. शेवटी तो गोषवाऱ्यात दिसू द्यायचा नाही, पण कच्च्या कामाला त्याच्याइतकं चांगलं काही मला सापडलेलं नाही. आपल्या कथेवर तो असा बसतो :

वाटतं असं की मिसेस सेनना मायदेशाची ओढ आहे. पण त्यांच्या आठवणीत कोलकात्याचं वर्णन जवळजवळ नाही. तिथे आहे ते बायकांचं रिंगण, आणि त्या आठवणीला लागूनच येतो तो किंचाळण्याचा प्रश्न. म्हणून त्यांना जे उणं पडतं ती भूमी नसून हाकेला ओ देणारी माणसं आहेत.

आता कुणीतरी यावर भांडू शकतं. दावा जमला का हे ओळखायची माझी खूण हीच. ज्या मित्राने कथा वाचली आहे त्याला हे वाक्य म्हणून दाखवा. तो "बरोबर आहे" म्हणाला तर काम बाकी आहे. तो जर म्हणाला, "अगं, पण त्या 'घर' म्हणतात तेव्हा त्यांना भारतच अभिप्रेत असतो, हे एलियटलाही कळलेलं असतं," तर तुम्ही योग्य जागी पोचलात. हा आक्षेप खरा आहे, मजकुरातला आहे. तो लपवायचा नाही. गोषवाऱ्यात त्याला एक वाक्य द्यायचं. नवखे लोक आक्षेप झाकतात. मुरलेले लोक तो स्वतःच मांडतात, कारण सभागृहात तो कुणीतरी विचारणारच असतो.

कथाच का?

इथे सर्वांत जास्त गोषवारे घसरतात, म्हणून जरा थांबते. आवाहनात 'डायस्पोरा लघुकथा' असं लिहिलेलं असतं आणि आलेल्या गोषवाऱ्यांत कथा हे फक्त भांडं असतं, ज्यात स्थलांतराचा विषय ओतलेला आहे. तोच विषय कादंबरीत असता तर तुमच्या म्हणण्यात काय फरक पडला असता? या प्रश्नाचं उत्तर गोषवाऱ्यात एका वाक्यात तरी हवं.

आयरिश कथाकार फ्रँक ओ'कॉनर यांनी 'द लोन्ली व्हॉइस'मध्ये म्हटलं आहे की लघुकथेला नायक नसतो, तिच्या केंद्राशी समाजाच्या काठावर दबून राहिलेली माणसं असतात. स्थलांतरितांच्या कथांवर बोलताना हे वाक्य फार सोयीचं पडतं, आणि म्हणूनच ते सगळे वापरतात. मी ते टाळा म्हणणार नाही, पण त्यावर विसंबू नका. आपल्या कथेच्या रचनेकडे पाहा, तिथे जास्त नेमकं काहीतरी मिळतं.

'मिसेस सेन्स' तृतीयपुरुषी आहे, पण कॅमेरा सतत एलियटच्या खांद्यावर. मिसेस सेनच्या मनात कथा एकदाही शिरत नाही. त्या फोनवर काय बोलल्या, घरून आलेलं पत्र वाचून का हलल्या, हे मुलाला दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच आपल्याला कळतं. अपघातानंतर त्या आतल्या खोलीत असतात. मिस्टर सेन सांगतात की ती विश्रांती घेते आहे, आणि मुलाला मात्र बंद दारापलीकडून रडणं ऐकू आलेलं असतं. त्यानंतर कथा मिसेस सेनना तिथेच सोडते आणि एलियटबरोबर निघून जाते. शेवटी तो स्वतःच्या घरात एकटा, खिडकीतून करड्या लाटा पाहतो आहे आणि फोनवर आईला आपण ठीक आहोत असं सांगतो आहे.

मिसेस सेनच्या किंचाळण्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर कथेने आपल्या रचनेतून दिलं आहे. कुणी आलं नाही. निवेदकसुद्धा दाराबाहेरच थांबला. कादंबरी असती तर केव्हातरी दार उघडावं लागलं असतं, किमान वाचकाने तशी वाट पाहिली असती. वीस-पंचवीस पानांच्या कथेला ते बंद ठेवता येतं. असं वाक्य गोषवाऱ्यात आलं की विषय आणि प्रकार एकमेकांना घट्ट धरतात, आणि 'कथाच का' हा प्रश्न कुणी विचारत नाही.

एकच सिद्धान्त, आणि त्याला काम

तीन ओळींत सहा विचारवंतांची नावं टाकणं ही नवख्याची पक्की खूण. हॉल, भाभा, रश्दी, सॅफ्रन असे सगळे एका वाक्यात आले की ते वाचलेत की ऐकलेत हा संशय येतो. एक नाव घ्या आणि त्याला राबवा.

कोणतं घ्यायचं हे दावा ठरवतो. 'डायस्पोरा' याच नावाच्या नियतकालिकाच्या १९९१ च्या पहिल्या अंकात विल्यम सॅफ्रन यांनी डायस्पोराची काही लक्षणं सांगितली. मूळभूमीची सामूहिक आठवण, यजमान समाजाने पूर्ण स्वीकारलं नसल्याची भावना, कधीतरी परतण्याची कल्पना, अशी. तुमचा दावा 'मायदेशाची ओढ' असा असता तर सॅफ्रन उपयोगी होते. पण आपण नेमकं त्याच्या उलट बाजूला चाललो आहोत. इथे अवतार ब्राह कामाला येतात. १९९६ च्या 'कार्टोग्राफीज ऑफ डायस्पोरा'मध्ये त्या मायदेशी परतण्याची इच्छा आणि घर करण्याची ओढ या दोन गोष्टी वेगळ्या काढतात. घर हवं असणं म्हणजे मागे जायचं असणं नव्हे. मिसेस सेनचा प्रश्न 'मी परत कधी जाणार' हा नाही, 'इथे कुणी येईल का' हा आहे. ब्राह यांचा भेद कथेतल्या एका वाक्यावर इतका चपखल बसतो, म्हणून त्यांचं नाव घ्यायचं. तसा बसत नसता तर नाव न घेताही गोषवारा चालला असता.

शब्दांची निवड, आणि शीर्षकाचं कोडं

मराठीत लिहिणाऱ्यांना एक जास्तीचं काम असतं, आणि खरं सांगायचं तर त्यातूनच मला दर वेळी काहीतरी नवं सापडतं. 'मायग्रेशन'ला पुष्कळ जण डोळे झाकून 'विस्थापन' लिहितात. पण मराठी कानाला विस्थापन म्हटलं की धरणग्रस्त दिसतात, घरावर पाणी आलेली माणसं. मिसेस सेन नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या आहेत. त्यांचं ते स्थलांतर. उलट, याच संग्रहातले मिस्टर पीरजादा १९७१ साली अमेरिकेत बसून, ढाक्यात अडकलेल्या बायको-मुलींच्या खबरीची वाट पाहतात, तिथे शब्द बदलावा लागेल. दोन्ही कथांना एकच शब्द लावला तर फरकच हरवतो. 'डायस्पोरा' मात्र तसाच ठेवा. 'अनिवासी' म्हटलं की बँकेतलं खातं आठवतं.

'बिलाँगिंग' जास्त अवघड. 'आपुलकी' हा भाव दुसऱ्याला दाखवायचा असतो. 'आपलेपणा' जवळ जातो. पण इंग्रजी शब्दात एक दुहेरी धागा आहे : मी कुणाची आणि माझं काय, मालकीही त्यात आहे आणि सामील असणंही. इथेच ती तिसरी खूण उपयोगी येते. कथेचं शीर्षक नुसता षष्ठीचा प्रत्यय लावून थांबतं, पुढचं नाम गायब. बोलण्यात त्याचा साधा अर्थ 'मिसेस सेनकडे', त्यांच्या घरी. आणि गंमत अशी की त्या जागेला मिसेस सेन स्वतः घर म्हणत नाहीत. हे शीर्षक मराठीत आणायला बसा, म्हणजे आणखी एक अडचण दिसेल. मराठीत षष्ठी पुढच्या नामाचं लिंग धरते. 'मिसेस सेनचा', 'मिसेस सेनची' की 'मिसेस सेनचं'? मुलगा, विळी की घर? इंग्रजीत रिकामी राहिलेली जागा मराठी रिकामी राहूच देत नाही.

हे निरीक्षण मी गोषवाऱ्यात घालणार नाही, प्रत्यक्ष वाचनासाठी राखून ठेवीन. गोषवाऱ्यात सगळं सांगायचं नसतं. ज्यावर दावा उभा आहे तेवढंच त्यात येतं. मात्र निबंध मराठीत असेल तर 'आपलेपणा' हा शब्द का घेतला याची एक ओळ निबंधात नक्की ठेवा.

आता मांडणी

लिहिताना क्रम असा ठेवा : आधी रूढ वाचन एका वाक्यात, मग तुमचा दावा, मग त्यामागचा मजकुरातला पुरावा, सिद्धान्ताचा आधार, कथाप्रकाराचा मुद्दा, आक्षेप, आणि शेवटी निबंधात नेमकं काय करणार. पुरावा आणि दावा यांची जागा बदलली तरी चालते, खालच्या मसुद्यात मी तसंच केलं आहे. "स्थलांतर ही मानवी इतिहासाइतकीच" हे वाक्य कुठेही बसत नाही, हे आपोआप लक्षात येईल.

"विळीभोवतीचे रिकामे रिंगण : झुंपा लाहिरी यांच्या 'मिसेस सेन्स' कथेतील आपलेपणा आणि कथनाचे अंतर

झुंपा लाहिरी यांच्या 'मिसेस सेन्स' (१९९९) या कथेतील भाजी चिरण्याचे पाते आणि ताजी मासळी यांच्याकडे मायदेशाच्या ओढीची चिन्हे म्हणून पाहिले जाते. हा निबंध वेगळे वाचन मांडतो. मिसेस सेन सांगतात ती आठवण एखाद्या ठिकाणाची नसून, गच्चीवर रात्रभर भाजी चिरत बसणाऱ्या बायकांच्या रिंगणाची आहे. आणि कथेत तिला लागूनच येणाऱ्या प्रसंगात त्या अकरा वर्षांच्या एलियटला विचारतात की आपण किंचाळलो तर इथे कुणी येईल का. त्यांना उणीव भासते ती भूमीची नव्हे, तर हाकेला ओ देणाऱ्या माणसांची, असे माझे प्रतिपादन आहे. मायदेशी परतण्याची इच्छा आणि घर करण्याची ओढ यांत अवतार ब्राह यांनी केलेला भेद या वाचनाला आधार देतो. हा भेद कथेच्या आशयाइतकाच तिच्या रचनेतही काम करतो. कथा सतत एलियटच्या नजरेतून दिसते, मिसेस सेन यांच्या मनात ती शिरत नाही, आणि अपघातानंतर त्यांना बंद दारापलीकडे ठेवून मुलाबरोबर निघून जाते. लघुकथेला शक्य असलेल्या या अंतरामुळे, कुणी जवळ न येण्याचा अनुभव वाचकाच्याही वाट्याला येतो. 'घर' या शब्दाने मिसेस सेन भारतच सूचित करतात, हा या वाचनावरील मुख्य आक्षेप असून निबंधाच्या शेवटच्या भागात त्याचा विचार केला आहे. गच्चीची आठवण, बसमधील प्रवास आणि अपघात या तीन प्रसंगांच्या सूक्ष्म वाचनातून निबंध ही मांडणी करतो."

दोनशे शब्दांच्या आतबाहेर आहे. मर्यादा अडीचशेची असेल तर उरलेली जागा भरायच्या मागे लागू नका.

दोन गोष्टी पाहा. बसचा प्रसंग इथे फक्त नावाने आला आहे. मासळीची पिशवी घेऊन परतताना सहप्रवासी वासाची तक्रार करते आणि चालक मिसेस सेनना पिशवीत काय आहे ते विचारतो, तो प्रसंग. त्यात माणसं जवळ आहेत, पण हाकेला येणारी नाहीत. हे निबंधात उलगडेल, समितीला मात्र एवढंच कळायला हवं की दाव्याची परीक्षा कुठे होणार. दुसरं, क्रियापदं. "अभ्यास करण्यात येणार आहे", "प्रयत्न केला जाईल" असं इथे काही नाही. निबंध अजून लिहिलेला नसला तरी गोषवारा वर्तमानकाळात लिहायचा. "प्रयत्न" हा शब्द दिसला की मी तो खोडते, कारण तो केवळ जबाबदारी टाळायला येतो.

पाठवण्याआधी

मसुदा दोन दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. त्यानंतर लेखकाचं आणि कथेचं नाव बोटाने झाका आणि विचारा, हा मजकूर दुसऱ्या कथेला लागू पडेल का? वरच्या मसुद्यात ते होत नाही, गच्ची आणि बंद दार आड येतात. जिथे होत असेल ते वाक्य काढा.

बीजशब्द पाच पुरेत. शीर्षकात आलेले शब्दच पुन्हा देऊ नका, शोधणाऱ्याला उपयोगी पडतील असे द्या : डायस्पोरा, लघुकथा, नियंत्रित दृष्टिकोन, घराची संकल्पना, भारतीय-अमेरिकन साहित्य. परिचय मागितला असेल तर तीन वाक्यं लिहा. कुठे शिकता, कशावर काम करता, आणि या विषयाला लागून काही केलं असेल तर ते. पारितोषिकांची यादी नको. गोषवारे पुष्कळ ठिकाणी नाव झाकून वाचले जातात, तेव्हा गोषवाऱ्याच्या फाइलमध्ये स्वतःचं नाव राहिलं नाही ना ते पाहा. "माझ्या मार्गदर्शकांच्या प्रबंधात म्हटल्याप्रमाणे" असल्या वाक्यातूनही ओळख फुटते.

आणि स्वीकृतीचा मेल आल्यावर जवळजवळ प्रत्येकाला एक गोष्ट भेटते. निबंध लिहायला घेतला की दावा सरकतो. समजा लिहिता लिहिता तुमच्या लक्षात आलं की एलियट हा नुसता साक्षीदार नाही. मिसेस सेनच्या रिंगणातला तोच एकमेव माणूस आहे, आणि जागचं हलायचं नाही हा नियमही त्यांनीच त्याला घातलेला आहे. म्हणजे अंतर राखण्यात त्यांचाही हात आहे. हे गोषवाऱ्यात नव्हतं. अशा वेळी घाबरून जुन्या दाव्याला चिकटू नका. शीर्षक आणि कथा तीच असेल तर कुणाला काही कळवायची गरज नाही. निबंधाच्या सुरुवातीला एका वाक्यात सांगा की गोषवाऱ्यात एलियटला मी नुसता साक्षीदार धरलं होतं, आता तो रिंगणात बसलेला दिसतो, आणि पुढे वाचू लागा. कथाच बदलणार असाल तर मात्र कार्यक्रमपत्रिका छापायच्या आत संयोजकांना लिहा, कारण सत्राच्या अध्यक्षांनी तुमचा गोषवारा वाचून प्रश्न तयार केलेले असतात आणि ते विळीबद्दलच असतात.